आधी कागद, मग बोलणं

तुझं पत्र वाचलं. चौघं मिळून संभाव्यता शिकताय, दर आठवड्याला दीड तास बसताय, आणि चौथ्या बैठकीनंतर एक जण येईनासा झाला. वेळ जुळत नसेल, असं तुला वाटतं. पण तूच पुढे लिहिलंयस की समजावणारा नेहमी एकच असतो आणि बाकीचे माना डोलावतात. खरं दुखणं तिथं आहे.

आमचंही असंच चाललं होतं. एकदा हे गणित घेतलं: १,००० माणसांत १० जणांना एक रोग आहे. चाचणी रोग्यांपैकी ९० टक्के बरोबर पकडते, पण निरोगी माणसांपैकी ९ टक्क्यांनाही चुकून रोगी ठरवते. चाचणीत रोग निघाला, तर तो खरंच असण्याची शक्यता किती? आमच्यातल्या हुशार मित्रानं सूत्र मांडलं, आम्ही 'हो हो, कळलं' म्हणालो. पुढच्या आठवड्यात वह्या मिटून तेच गणित पुन्हा सोडवलं, तर तिघांनी ९० टक्के लिहिलं. बरोबर आलं ते फक्त त्याचं. म्हणजे आदल्या बैठकीत शिकला तो समजावणारा. आम्ही नुसते ऐकत होतो.

मग आम्ही क्रम बदलला. पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. मागच्या वेळचा एक प्रश्न घ्यायचा आणि प्रत्येकानं पुस्तक न उघडता उत्तर कागदावर लिहायचं. कागद एकदम उघडायचे. ज्यांची उत्तरं वेगळी, त्यांनी एकमेकांना पटवायचं. ज्याला येतं त्यानं सगळ्यात शेवटी तोंड उघडायचं. (हे मला सगळ्यात जड गेलं नाही, कारण मला येतच नव्हतं.) हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी १९९०च्या दशकात भौतिकशास्त्राच्या वर्गात असंच सुरू केलं: आधी एकट्यानं उत्तर, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा उत्तर.

त्या गणितात वाद असा सुटला. एकीनं सूत्र सोडून माणसं मोजली. १० रोग्यांतले ९ पकडले जातात. ९९० निरोग्यांतले सुमारे ८९ उगाच अडकतात. एकूण ९८ जणांत खरे रोगी ९, म्हणजे जेमतेम ९ टक्के. हे मी अजून विसरलेलो नाही.

प्रश्न निवडताना एवढं बघ: साधारण निम्म्यांचं चुकलं, तर वाद रंगतो. सगळ्यांचं बरोबर आलं तर पुढे जा. सगळ्यांचंच चुकलं तर वाद घालू नका, पुस्तक उघडा. चार अंदाज एकत्र केले म्हणून उत्तर निघत नाही. नवा धडा कुणी मांडायचा ते बैठकीत बसल्यावर चिठ्ठी काढून ठरवा. आधी ठरवलंत, तर बाकीचे वाचून येणार नाहीत.

आणि जो येईनासा झालाय, त्याला 'ये रे' म्हणू नकोस. वरचं गणित उत्तराशिवाय पाठव, आणि सांग की तुझा कागद हवाय.