पॅथॉलॉजी लॅबचा डेटा: ब्लॉक, फाइल की ऑब्जेक्ट स्टोरेज?

प्रश्न: आमचं पॅथॉलॉजी लॅबचं सॉफ्टवेअर एडब्ल्यूएसवर चालतं. दोन अ‍ॅप सर्व्हर, ६० जीबीचा पोस्टग्रेस आणि रिपोर्टच्या ४०० जीबी पीडीएफ, सगळं ईएफएसवर. लॅबच्या मशीनमधून येणाऱ्या निकालाच्या फाइलीही तिथेच पडतात. बिल फार येतं. एस-थ्री एवढं स्वस्त आहे, तर `s3fs` ने माउंट करून सगळंच तिकडे नेलं तर चालेल का?

उत्तर:

पीडीएफ न्या. डेटाबेस नेऊ नका. निकालाच्या फाइली आहेत तिथेच राहू द्या.

दराचा फरक खराच मोठा आहे. व्हर्जिनिया रीजनच्या ढोबळ दरानं एक जीबी महिनाभर ठेवायला एस-थ्री स्टँडर्ड या ऑब्जेक्ट स्टोरेजला ०.०२३ डॉलर, ईबीएस जीपी-३ या ब्लॉक स्टोरेजला ०.०८ आणि ईएफएस स्टँडर्ड या फाइल स्टोरेजला ०.३० डॉलर पडतात. (मुंबईचे दर थोडे वेगळे आहेत, पण चढण तीच.) म्हणजे तुमच्या पीडीएफना आज महिन्याला १२० डॉलरच्या आसपास लागत असतील, तर एस-थ्रीवर ९ लागतील. पण कुठला डेटा कुठे ठेवायचा हे दरावरून ठरवू नका. दोन गोष्टी विचारा: लिहून झाल्यावर तो बदलतो का, आणि एकाच वेळी त्याला किती मशीनचे हात लागतात?

पोस्टग्रेसपासून सुरू करू. एखादी ओळ बदलली की तो आधी वॉलमध्ये, म्हणजे त्याच्या बदलांच्या नोंदवहीत, काहीशे बाइट लिहितो आणि ते डिस्कवर पक्के पोचेपर्यंत थांबतो. मग कमिट झालं असं सांगतो. डेटाची मूळ फाइल नंतर सावकाश बदलते, तीही ८ केबीच्या पानापानानं. ब्लॉक स्टोरेजला हे काम अगदी सोपं, कारण त्याच्या लेखी फाइल नसतेच, नुसते क्रमांक दिलेले ठोकळे असतात. अमुक ठोकळा बदल म्हटलं की तेवढाच बदलतो, बहुधा एक-दोन मिलिसेकंदांत. कुठली फाइल कुठल्या ठोकळ्यांत आहे, हा हिशेब तुमच्याच सर्व्हरवरची ext4 ही फाइल सिस्टम ठेवते.

ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये फाइलच्या मधोमध दुरुस्ती हा प्रकारच नाही. साध्या एस-थ्री बकेटमध्ये ऑब्जेक्ट अख्खा लिहायचा, बदलायचा तर अख्खा पुन्हा लिहायचा. `s3fs` ते झाकतो. फाइलचा न बदललेला भाग एस-थ्रीमधल्या एस-थ्रीमध्येच कॉपी करून वेळ वाचवायचाही प्रयत्न करतो, पण मल्टिपार्ट अपलोडचा तुकडा, शेवटचा सोडला तर, ५ एमबीपेक्षा लहान चालत नाही. वॉलची एक फाइल १६ एमबीची. काहीशे बाइटच्या कमिटसाठी दर वेळी काही एमबी नेटवर्कवरून पाठवायचे, असा तो व्यवहार होतो. शिवाय मध्येच काही तुटलं तर पोस्टग्रेस ज्या हमीवर उभा आहे तीच राहत नाही.

आणि डेटाबेस आज ईएफएसवर आहे तेही बरं नाही. ईएफएस एनएफएसवर चालतं, त्यामुळे तिथे प्रत्येक कमिटला नेटवर्कवरून फेरी मारावी लागते. प्रत्यक्ष किती फरक पडतो ते पोस्टग्रेससोबतच येणाऱ्या अवजारानं मोजा:

```
pg_test_fsync -f /mnt/efs/test.out
pg_test_fsync -f /mnt/ebs/test.out
```

`fdatasync` च्या ओळीत सेकंदाला किती वेळा लिहिता आलं तो आकडा येतो. एकामागून एक होणाऱ्या कमिटची कमाल मर्यादा साधारण तीच. ६० जीबीला १०० जीबीचा जीपी-३ व्हॉल्यूम घ्या, महिन्याला ८ डॉलर. ३,००० आयओपीएस त्यातच मिळतात. ईबीएसमध्ये वापरलेल्या नव्हे, मागितलेल्या जागेचे पैसे लागतात आणि व्हॉल्यूम वाढवता येतो, लहान करता येत नाही. म्हणून सुरुवातीलाच ५०० जीबी घेऊन ठेवू नका.

हे जमलं की कुणीतरी सुचवतंच: मग एकच ईबीएस दोन्ही सर्व्हरना का जोडू नये? जीपी-३ ला ते करताच येत नाही. आयओ-१ आणि आयओ-२ ला मल्टि-अटॅच आहे, पण त्यावर ext4 टाकून दोन्हीकडे माउंट केलं तर फाइल सिस्टमचा चुराडा होतो. दोन्ही कर्नल आपापल्या मेमरीतल्या हिशेबावर विसंबून असतात, दुसरा लिहितोय हे पहिल्याला कळतच नाही. आधी एका सर्व्हरवरची नवी फाइल दुसऱ्याला दिसत नाही, मग एक दिवस `ls` केल्यावर `Structure needs cleaning` येतं. तोवर उशीर झालेला असतो.

निकालाच्या फाइलींचं प्रकरण निराळं आहे आणि फाइल स्टोरेज खरं इथेच शोभतं. फोल्डरमध्ये फाइल पडते, दोनपैकी एक सर्व्हर ती उचलतो, नाव बदलून `processing` मध्ये टाकतो. सर्व्हरच्या दृष्टीनं एनएफएसवर हे नामांतर एकसंध होतं: दोघांनी एकदमच झडप घातली तरी एकालाच फाइल मिळते, दुसऱ्याला ती सापडत नाही. साध्या एस-थ्री बकेटमध्ये नामांतर नाहीच. `s3fs` आधी कॉपी करतो, मग जुनं पुसतो, आणि त्या फटीत दोन्ही सर्व्हर तोच निकाल उचलू शकतात. रक्ताच्या रिपोर्टमध्ये हे परवडणारं नाही. एक पथ्य मात्र पाळा: फाइल आधी `.tmp` नावानं पूर्ण लिहून मग खरं नाव द्यायचं, नाहीतर अर्धवट फाइल उचलली जाते. आणि अ‍ॅपचा कोड शेअरवर ठेवला असेल तर प्रत्येक सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर आणा. हजारो बारीक फाइली उघडताना प्रत्येकीला नेटवर्कची फेरी पडते आणि अ‍ॅप उगाच रेंगाळतं. मग ईएफएसवर उरेल तो काही जीबीचाच ऐवज, त्याचं बिल कुणाच्या लक्षातही येणार नाही.

आता पीडीएफ. एकदा तयार झाली की बदलत नाही, वाचणारे अनेक, आणि अख्खीच वाचायची. एस-थ्रीला याहून सोयीचा डेटा नाही. पण `s3fs` नको, कोडमधून थेट एसडीके वापरा. रुग्णाला काही मिनिटांपुरती चालणारी प्रीसाइन्ड यूआरएल द्या, म्हणजे डाउनलोडचा भार तुमच्या सर्व्हरवर येत नाही. दुरुस्त रिपोर्ट निघाला तर जुन्यावर लिहू नका, नवी की, म्हणजे नवं नाव, द्या आणि डेटाबेसमध्ये नोंद बदला.

पुढे कुणी म्हणेल, जुने रिपोर्ट आणखी स्वस्त स्टँडर्ड-आयए वर्गात टाकू. आधी सरासरी आकार बघा. पीडीएफ ८० केबीची असेल तर तुमच्याकडे ५० लाख ऑब्जेक्ट आहेत. आयएमध्ये १२८ केबीपेक्षा लहान ऑब्जेक्टलाही १२८ केबीचेच पैसे लागतात, त्यामुळे ९.२० डॉलरचे फक्त ८ होतील. हलवायचा दर हजारी ०.०१ धरला तर ५० डॉलर आधीच गेले. ते वसूल व्हायला साडेतीन वर्षं लागतील. लाइफसायकलचा नियम आता इतके लहान ऑब्जेक्ट आपणहून हलवतही नाही, ते याच कारणानं.

राहिला बॅकअप. लिहिली जात असलेली वॉल फाइल एस-थ्रीवर चालत नाही, पण १६ एमबी भरून बंद झाली की ती पुन्हा कधीच बदलत नाही, आणि मग एस-थ्री हीच तिची योग्य जागा. `archive_command` मध्ये डब्ल्यूएएल-जी किंवा पीजीबॅकरेस्ट लावा. पीडीएफ हलवण्याआधी हे करा. ईबीएस व्हॉल्यूम एकाच अव्हेलेबिलिटी झोनमध्ये असतो. ईएफएसवर तुमचा डेटा बहुधा अनेक झोनमध्ये राहत होता, ती सोय डेटाबेस ईबीएसवर नेल्याक्षणी जाते.