फुकट काढून दिलेला फोटो कोणाचा?

प्रश्न : साताऱ्यात माझं इरकल आणि खणाच्या साड्यांचं छोटं दुकान आहे. सप्टेंबरात एका ग्राहक ताईंनी आमची साडी नेसून कासला काढलेला फोटो इन्स्टाग्रामवर टाकला आणि आम्हाला टॅग केलं. "आमच्या पेजवर घेऊ का?" असं मी कमेंटमध्ये विचारलं, त्यांनी बदाम टाकला. मग फोटो उतरवून घेतला, कडा थोड्या कापल्या आणि त्यांचं नाव देऊन पेजवर टाकला. वर लिहिलं, "ताई म्हणतात, आता नेसेन तर इरकलच!" दिवाळीत तोच फोटो पैसे भरून पाच दिवस जाहिरातीत चालवला, दुकानाबाहेर फ्लेक्सही लावला. आता पुण्याच्या एका मुलाचा मेसेज आलाय, "फोटो मी काढलाय, पंचवीस हजार द्या, नाहीतर केस करतो." ताई म्हणतात, तो मैत्रिणीचा भाऊ, हौसेनं फुकट काढून दिला होता, फोटो माझाच. क्रेडिट दिलं होतं, तरी पैसे द्यावे लागतील का? (एक दुकानदार, सातारा)

उत्तर : पैशाचं नंतर बोलू. आधी पोस्टचे, जाहिरातीच्या पावतीचे, ताईंच्या बदामाचे आणि त्या मुलाच्या मेसेजचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. तारखा दिसल्या पाहिजेत. मग पोस्ट डिलीट न करता अर्काइव्ह करा, फ्लेक्स अजून वर असेल तर आजच उतरवा. घाई अशासाठी की कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये 'जाणूनबुजून' हा शब्द आहे. त्या मुलाचा मेसेज येईपर्यंत तुम्हाला खरं ठाऊक नव्हतं, असं म्हणायला जागा आहे. मेसेज वाचल्यानंतरही फ्लेक्स तसाच राहिला, तर ती जागा उरत नाही. या कलमात किमान सहा महिन्यांची कैद आणि ५० हजारांपासून दंड आहे, आणि हा दखलपात्र गुन्हा असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलंय. घाबरवण्यासाठी सांगत नाही. तुमच्यासारख्या प्रकरणात गोष्ट बहुधा तिथवर जात नाही, पण ती न जाण्याचं कारण आज उतरवलेला फ्लेक्स हे असू शकतं.

आता ताईंचं "फोटो माझाच". त्यांचं म्हणणं साधं वाटतं, आणि बहुतेक लोकांची समजूत हीच असते की फोटोत जो दिसतो, फोटो त्याचा. कायदा उलटा चालतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारा माणूस, आणि पहिला मालकही तोच. नोंदणीची गरज नाही, बटण दाबलं की हक्क जन्मतो. याला कलम १७ मध्ये एक अपवाद आहे : कोणी मोबदला देऊन, स्वतःच्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसल्यास पैसे देणारा मालक होतो. म्हणजे ताईंनी त्या मुलाला दोन हजार दिले असते, तर आज मालकी बहुधा ताईंची असती आणि तुमचं काम बरंच सोपं झालं असतं. त्याने हौसेनं, फुकट काढून दिला, म्हणून मालकी त्याच्याकडेच राहिली. लोकांना हे ऐकवलं की विश्वास बसत नाही. (लग्नाच्या फोटोंचंही सांगून ठेवतो : बिलाच्या मागे बारीक अक्षरात 'हक्क स्टुडिओकडे राखीव' छापलेलं असेल, तर तोच 'वेगळा करार' ठरू शकतो. पावती उलटून बघत जा.)

त्याने फोटो ताईंना पाठवला, तेव्हा त्यांनी तो आपल्या खात्यावर टाकावा याला त्याची मूक संमती होती, असं म्हणता येईल. पण स्वतः वापरायची मुभा मिळणं वेगळं आणि ती तिसऱ्याला वाटायचा अधिकार मिळणं वेगळं. शेजाऱ्याने सायकल फिरवायला दिली म्हणून ती आपण भाड्याने लावत नाही. फोटो पब्लिक खात्यावर होता, टॅग केला होता, यानेही फरक पडत नाही. इन्स्टाग्रामच्या अटींत परवानगी मिळते ती इन्स्टाग्रामला, टॅग झालेल्या दुकानाला नाही. तुम्ही अॅपमधूनच ताईंची पोस्ट स्टोरीला शेअर केली असती, तर गोष्ट वेगळी होती. तिथे मूळ पोस्टशी दुवा राहतो आणि त्यांनी पोस्ट काढली की तुमच्याकडे ती दिसत नाही. फोटो उतरवून नव्याने टाकला की तुमच्याकडची ती वेगळी प्रत झाली.

क्रेडिटबद्दल. श्रेय देणं हे परवानगीच्या बदल्यात चालत नाही, ती दोन वेगळी देणी आहेत. कर्त्याचं नाव लागलं पाहिजे हा कलम ५७ चा हक्क आहे, आणि मालकी विकली तरी तो कर्त्याकडेच राहतो. तुम्ही क्रेडिट दिलंत, पण फोटोत दिसणाऱ्या बाईंना. काढणारा कोरडाच राहिला. त्यात "कडा थोड्या कापल्या" हे मला जरा खटकलं. ताईंची मूळ पोस्ट उघडा आणि कोपरे नीट बघा. तिथे त्याचं नाव बारीक अक्षरात असेल आणि तुमच्या कापण्यात ते गेलं असेल, तर प्रकरण वाढतं. फोटोवरची मालकीची खूण जाणूनबुजून काढण्याला कलम ६५ब मध्ये स्वतंत्र शिक्षा आहे. नाव तिथे नव्हतंच, तर मूळ फोटो जपून ठेवा, हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे.

बदामाकडे येऊ. कायदा म्हणतो, परवाना लेखी हवा. व्हॉट्सअॅपवरचा किंवा कमेंटमधला "हो, चालेल" लेखी म्हणून दाखवता येतो. बदामाचा अर्थ मात्र 'छान' असाही होतो आणि 'घ्या' असाही. तुमचा प्रश्न पेजबद्दल होता, म्हणून ओढूनताणून तो पेजपुरता होकार मानू. दिवाळीची जाहिरात आणि फ्लेक्स त्यात कुठून आले? इथे ताईंचा स्वतःचा हक्क सुरू होतो, जो त्या मुलाच्या हक्काहून निराळा आहे. माणसाचं नाव किंवा चेहरा संमतीशिवाय जाहिरातीला वापरणं हा खासगीपणाचा भंग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल खटल्यात म्हटलंय. पेजवरच्या फोटोने खूश झालेली बाई भाजी आणायला निघते आणि रस्त्यावर स्वतःला सहा फुटी बघते, तेव्हा तिला काय वाटेल याची कल्पना करा. ताई अजून तुमच्या बाजूने आहेत हे तुमचं नशीब. तेव्हा दोन होकार लागतात, एक काढणाऱ्याचा आणि एक दिसणाऱ्याचा. चौकटीत पोर असेल तर त्याच्या आईवडिलांचा तिसरा.

वरच्या ओळीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मला तीच जास्त डाचते. "ताई म्हणतात, आता नेसेन तर इरकलच!" हे ताई म्हणाल्या होत्या का? नसतील, तर तुम्ही त्यांच्या तोंडी शिफारस घातलीत. जाहिरातीतली शिफारस ही त्या व्यक्तीचं खरं मत असली पाहिजे, असं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतची २०२२ ची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. फोटोच्या बदल्यात साडी किंवा सूट दिली असेल, तर तेही उघड सांगावं लागतं. ओळ प्रेमळ हवी असेल तर ती दुकानाच्या तोंडची असावी, छोटी असावी, आणि त्या एका फोटोत खरंच दिसणाऱ्या गोष्टीला हात घालणारी असावी. मी असं लिहिलं असतं : "कासच्या वाऱ्यावर आमचा टोपपदर असा फुलताना आम्हीही पहिल्यांदाच पाहिला. ताई, आवर्जून टॅग केलंत, आभार!" आणि खाली "फोटो :" लिहून काढणाऱ्याचं खातं. यात किंमत नाही, 'लगेच या' नाही, त्या कशा दिसतात यावर शेरा नाही. आपुलकीच्या ओळीला किंमतीची पट्टी चिकटली की ती जाहिरात होते, वाचणाऱ्यालाही ते कळतं आणि वकिलालाही.

आता पंचवीस हजार. हा आकडा त्याने रागात टाकलेला दिसतो, पण मागणीच खोटी आहे असं म्हणत भांडू नका, कारण मुळात तो बरोबर आहे. भरपाई ठरवताना साधारण विचार असा होतो की रीतसर विचारलं असतं तर फी किती पडली असती. तो हौशी आहे. त्याने आजवर फोटो विकले असतील, तर त्याची बिलं मागा. तुमच्याकडून जाहिरात पाच दिवस, फ्लेक्स एक, पोस्ट दोनेक महिने. एवढ्या वापराला माझ्या अंदाजाने पाच ते आठ हजारांत मिटवणं दोघांनाही वाजवी आहे. कोर्टाची भीती त्याच्यापेक्षा तुम्हाला जास्त असायला हवी, कारण कलम ६२ प्रमाणे तो राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावू शकतो. म्हणजे तारखेला खंबाटकी उतरून पुण्याला जाणार तुम्ही. दोन खेपांचा खर्च आणि बंद दुकान धरलं, तरी हिशेब कळतो.

त्याला आज एवढंच लिहा : "तुमचा मेसेज मिळाला. फोटो तुम्ही काढल्याचं आम्हाला माहीत नव्हतं. पोस्ट, जाहिरात आणि फ्लेक्स काढले आहेत. तुमचं नाव राहून गेलं, त्याबद्दल दिलगीर आहोत. झालेल्या वापराच्या फीबद्दल बोलायला तयार आहोत. हे आमच्या कायदेशीर हक्कांना बाधा न आणता लिहीत आहोत." शेवटचं वाक्य गाळू नका. फोनवर आकडा ठरवू नका. ठरला की एक पानी कागद करा : कोणता फोटो, आजवरचा सगळा वापर या रकमेत मिटला, आणि हवं असेल तर पुढे पेजवर ठेवायची मुभा, त्याच्या नावासह. पैसे खात्यावर पाठवा, रोख नको. त्याच्याकडून वकिलाची नोटीस आली, तर मात्र स्वतः उत्तर न देता ती घेऊन माझ्याकडे किंवा दुसऱ्या कोणा वकिलाकडे जा.

पुढच्या ग्राहकाला कमेंटमध्ये नव्हे, मेसेजमध्ये विचारा : "ताई, तुमचा कासचा फोटो आमच्या इन्स्टाग्राम पेजवर टाकायला आवडेल. फोटो कोणी काढलाय? त्यांनाही विचारून त्यांचं नाव देऊ. जाहिरातीत किंवा फ्लेक्सवर वापरणार नाही, तसं वाटलं तर वेगळं विचारू. तुम्ही म्हणाल तेव्हा काढून टाकू. चालत असेल तर 'हो, चालेल' एवढं लिहा." उत्तरात नुसता बदाम आला, तर पुन्हा विचारा.