मांजर पहाटे उठवत असेल तर आधी तिच्या जेवणाची वेळ सरकवा

प्रश्न: आमची मांजर दीड वर्षाची आहे, ऑपरेशन झालेलं आहे. रात्री दोनला घरभर धावत सुटते आणि पहाटे साडेचारला पायाची बोटं चावून मला उठवते. आम्ही दोघंही नोकरी करतो. तिची ही सवय कशी बदलायची?

उत्तर:

आमच्या चिंगीने आम्हाला जवळजवळ वर्षभर साडेचारलाच उठवलं, त्यामुळे तुमची झोप कशी मोडते ते मला चांगलं माहीत आहे. त्यातून बाहेर पडायला आम्हाला सात आठवडे लागले. नेमकं काय केलं ते सांगते.

मांजर रात्रभर जागणारा प्राणी आहे असं आपण समजतो, पण तसं नाही. तिची खरी शिकारीची वेळ तिन्हीसांजेची आणि झुंजुमुंजूची, कारण उंदीर-पाखरं त्याच वेळी हालचाल करतात. दिवसाचे बारा ते सोळा तास ती झोपून काढते. तुम्ही दोघं कामाला गेलात की रिकाम्या घरात तिची सगळी झोप होऊन जाते. तुम्ही आडवे होता तेव्हा तिच्या अंगात न वापरलेली ताकद शिल्लक असते, आणि दोन वाजता ती बाहेर पडते. ट्यूबलाइटजवळची एखादी पाल एवढंच निमित्त पुरतं.

पहाटेच्या उठवण्यात भुकेचाही मोठा भाग असतो. एका उंदरातून मांजरीला साधारण ३० कॅलरी मिळतात, आणि चार किलोच्या मांजरीला दिवसाला सुमारे २०० लागतात. म्हणजे तिचं शरीर दिवसातून अनेकदा थोडं थोडं खाण्यासाठी घडलेलं आहे. आपण मात्र आपल्या जेवणाबरोबर रात्री आठला तिला वाढतो आणि पुढचं खाणं सकाळी सातला. अकरा तासांचं अंतर पडतं. त्यात ती एकदा साडेचारला ओरडली, तुम्ही झोपेतच उठून मूठभर खाणं टाकलं आणि परत झोपलात, की साडेचार ही तिच्या जेवणाची वेळ ठरली. तुमची बोटं चावली की खाणं येतं, हेही ती शिकली.

म्हणून दोन गाठी सोडवाव्या लागतात: खाणं तुमच्या हातून यायला नको, आणि मग त्याची वेळ हळूहळू पुढे जायला हवी.

आम्ही घड्याळ लावता येणारा ऑटोमॅटिक फीडर आणला आणि झोपायच्या खोलीपासून लांब, स्वयंपाकघरात ठेवला. पहिली वेळ लावली सव्वाचारची. इथे बहुतेक जण थेट सहाची वेळ लावतात आणि फसतात. मांजर साडेचारला उठणारच, फीडर रिकामा दिसला की तुमच्याकडे येणारच. ती तुमच्याकडे यायच्या आधी डबा उघडला पाहिजे. पाच-सहा दिवसांत चिंगी पहाटे पलंगाऐवजी फीडरसमोर जाऊन बसायला लागली. ते दिसेपर्यंत घड्याळाला हात लावू नका.

त्यानंतर दर तीन दिवसांनी दहा मिनिटं पुढे. सव्वाचारचे सव्वासहा करायला १२ टप्पे, म्हणजे ३६ दिवस. आमचे जास्त गेले, कारण मध्ये मी घाई करून एकदम अर्धा तास सरकवला. दुसऱ्याच पहाटे ती उशाशी हजर. वीस मिनिटं मागे घेतली तेव्हा परत शांत झाली. मांजर पुन्हा तुमच्याकडे येऊ लागली तर टप्पा मोठा झाला असं समजा आणि एक पाऊल मागे या.

दिवसाचं एकूण खाणं मात्र वाढवू नका. चिंगीचं कोरडं खाणं दिवसाला ५५ ग्रॅम होतं, तेवढंच ठेवलं, फक्त वाटणी बदलली: पहाटे फीडरमधून १५, संध्याकाळी घरी आल्यावर २०, आणि झोपण्याआधी २०. तुमच्या मांजरीचं प्रमाण पाकिटावर वजनाप्रमाणे दिलेलं असेल. आणि खोडी मोडायची म्हणून तिला उपाशी ठेवू नका. एक-दोन दिवस पोटात काही गेलं नाही तर मांजरीच्या यकृताला गंभीर इजा होऊ शकते.

झोपण्याआधीच्या या खाण्यातच रात्री दोनच्या धावपळीचं उत्तर आहे. मांजर दबा धरते, पाठलाग करते, पकडते, खाते, अंग चाटते आणि झोपते. हा क्रम तिच्यात पक्का बसलेला आहे, आपण तो रात्री दहाला घडवून आणायचा. काठीला पिसं बांधलेलं खेळणं जमिनीवरून उंदरासारखं पळवा, मध्येच खुर्चीमागे थांबवा, तिला दबा धरू द्या. दहा-पंधरा मिनिटं पुरतात, पण शेवटी ते तिला खरंच पकडू द्या. लेझरचा ठिपका वापरणार असाल तर शेवट तरी हातात येणाऱ्या वस्तूवर करा. ठिपका कधीच सापडत नाही आणि मांजर अस्वस्थच राहते. खेळ झाला की लगेच वाढा. खेळणं मात्र नंतर कपाटात ठेवा, कारण दोरा गिळला तर आतड्यात अडकतो आणि जिवावर बेततं.

आता सगळ्यात अवघड भाग. पहाटे ती आली तर काहीही करायचं नाही. रागावणं नाही, ढकलणं नाही, नाव घेणंसुद्धा नाही, कारण ओरडा हाही तिच्यासाठी प्रतिसादच असतो. फीडर आणण्याआधी आम्ही दार लावून पाहिलं होतं. तीन रात्री तिने दार ओरबाडलं, चौथ्या रात्री मी उघडलं. त्यातून ती एवढंच शिकली की पुरेसा वेळ ओरबाडलं की दार उघडतं. पुढे फीडर लावल्यावर सगळं नीट चाललेलं असताना सासूबाई पाच वाजता पाणी प्यायला उठल्या आणि मायेने तिला थोडं खाणं दिलं. एकाच पहाटेचा तो लाड निस्तरायला आठवडा लागला. कधी मिळतं, कधी मिळत नाही अशी सवय सर्वांत चिवट असते. घरातल्या प्रत्येकाला हे आधीच समजावून सांगा. दुर्लक्ष सुरू केल्यावर पहिले काही दिवस तिचा आवाज उलट वाढतो. नेमक्या तिथेच लोक हार मानतात.

एक छोटी गोष्ट: उजाडताना ग्रिलवर पारवे बसत असतील तर त्या खिडकीला रात्री जाड पडदा लावा. दिवसा तो उघडा ठेवा, म्हणजे तुम्ही नसताना तिला बघायला काही असेल आणि तेवढी झोप कमी होईल.

तुमची मांजर तरुण आहे आणि ऑपरेशन झालेलं आहे, म्हणून मी हे सगळं सवयीचं धरलं आहे. ऑपरेशन न झालेली मांजर माजावर आली की रात्रभर ओरडते, तिथे वेळापत्रकाचा उपयोग नाही. दहाच्या पुढच्या वयाची मांजर अचानक रात्री हंबरल्यासारखी ओरडू लागली, भरपूर खाऊनही वाळत चालली, तर थायरॉइड आणि रक्तदाब तपासून घ्यायला हवा. आणि बोका वारंवार मातीच्या डब्यात जाऊन जोर करत असेल पण लघवी होत नसेल, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री पशुवैद्याकडे न्या.

आज रात्रीपासून दहाचा खेळ आणि त्यानंतरचं खाणं सुरू करा. फीडर येईपर्यंत पहाटे ती नेमकी किती वाजता उठवते ते चार-पाच दिवस लिहून ठेवा. त्यातल्या सगळ्यात लवकरच्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधीची वेळ फीडरला लावायची आहे.