कलमात मेन्स रिआ शोधताना

मेन्स रिआ म्हणजे कृत्यामागचं दोषी मन आणि ॲक्टस रिअस म्हणजे प्रत्यक्ष कृत्य, एवढं पाठ झालं की नवे वकील सरसकट ‘हेतू नव्हता’ असा बचाव लिहून मोकळे होतात. तू आधी कलम वाच. चोरीच्या कलमात वस्तू हलवणं हे कृत्य आहे, पण सोबत अप्रामाणिक हेतूही मागितलाय. आपलीच समजून दुसऱ्याची छत्री उचलली, तर कृत्य घडलं तरी चोरी होत नाही.

कलमात मनाबद्दल अवाक्षर नसेल तर मात्र पंचाईत. मेयर हान्स जॉर्जचा खटला मुळातून वाच. नोव्हेंबर 1962 मध्ये हा जर्मन माणूस झुरिकहून मनिलाला निघाला होता. विमान सांताक्रूझला थांबलं आणि त्याच्या जाकिटात 34 किलो सोनं सापडलं. विमानाच्या मालयादीत नोंद नसलेलं सोनं भारतातून पुढे नेण्यावर रिझर्व्ह बँकेने त्याच महिन्यात बंदी घातली होती. त्याला ते माहीतच नव्हतं. हायकोर्टाने सोडलं, पण 1964 मध्ये सुप्रीम कोर्टाने बहुमताने दोषी ठरवलं: सोनं जाणूनबुजून आणलं, एवढं पुरे, बंदी माहीत असणं गरजेचं नाही. शिक्षा तेवढी भोगलेल्या कैदेपुरती ठेवली. न्या. सुब्बा राव यांचं विरोधी मत मला जास्त पटतं, पण युक्तिवाद बहुमताला धरूनच करावा लागतो.

म्हणून दोषारोप हातात आला की कलमातली क्रियापदं एका बाजूला लिही आणि ‘जाणूनबुजून’, ‘कपटाने’, ‘निष्काळजीपणे’ असे शब्द दुसऱ्या. दुसरी बाजू कोरी राहिली, तर कायद्याचा उद्देश काय होता ते तपास.