अभिनंदनात ‘लकी’ हा शब्द नको

ताई, मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात एक्स्पोर्टच्या कागदपत्रांचं काम करते. माझ्यासोबत सहा वर्षांपूर्वी लागलेली मैत्रीण परवा असिस्टंट मॅनेजर झाली. मलाही आशा होती. ग्रुपवर मी नुसता अंगठा टाकला. रात्री हे लिहिलं, पण पाठवलं नाही: “अभिनंदन गं! तू खरंच लकी आहेस. शेवटी तुझा नंबर लागलाच. आता मोठी साहेब झालीस, आम्हाला विसरू नकोस. पार्टी कधी?” वाचताना माझं मलाच खुपलं. तिला त्यात माझा मत्सर दिसू नये असं काय लिहू?

तुला खुपलं ते बरोबरच खुपलं. ‘लकी’ म्हटलं की तिचे कष्ट बाजूला पडतात आणि श्रेय नशिबाला जातं. ‘शेवटी’ आणि ‘लागलाच’ हे दोन शब्द तर जणू रेशनच्या रांगेत तिचा नंबर आला असं सांगतात. ‘विसरू नकोस’ म्हणजे तू बदलणार, असं आधीच गृहीत धरणं. ती बिचारी मग “छे गं, असं काय बोलतेस” म्हणून तुझीच समजूत काढत बसणार. पार्टीचं चारजणांत हसतखेळत विचारलं तर चालतं. पण तुझ्या निरोपातलं ते शेवटचं वाक्य, म्हणजे उत्तर त्यालाच येणार आणि अभिनंदन मागे राहणार.

तुझ्या पत्राच्या मागच्या पानावर तू एक गोष्ट सहज लिहून गेली आहेस. मला तीच सगळ्यात मोलाची वाटली. दिवाळीच्या आधी न्हावाशेवाला जाणाऱ्या मालाची पॅकिंग लिस्ट आणि इनव्हॉइस जुळत नव्हतं, एका कागदावर 412 खोकी तर दुसऱ्यावर 421. सगळे म्हणाले, टायपिंगची चूक आहे, दुरुस्त करा आणि गाडी सोडा. ती मात्र गोदामात उतरली, खोकी मोजून घेतली आणि मगच कागद बदलला. रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि तू तिच्यासाठी रिक्षा थांबवून ठेवली होतीस. हे पाहिलेलं माणूस ऑफिसात तूच. मत्सर असलेला माणूस असलं काही लिहीत नाही, कारण त्यासाठी दुसऱ्याचं चांगलं काम आठवावं लागतं.

मग असं लिही: “अगं, मनापासून अभिनंदन. दिवाळीआधी त्या 412 खोक्यांसाठी तू गोदामात उतरलीस, तेव्हाच मला वाटलं होतं की ही जबाबदारी तुला मिळायला हवी. नव्या कामासाठी खूप शुभेच्छा.” एवढंच. याच्यापुढे फुलं आणि फुग्यांची रांग लावू नकोस. “तुझ्यापेक्षा मलाच जास्त आनंद झाला” असंही लिहू नकोस. ते खरं नाही आणि सहा वर्षं शेजारी बसलेल्या मैत्रिणीला ते लगेच कळेल. मात्र तेव्हा तुला खरंच तसं वाटलं होतं का, हे आधी स्वतःला विचार. नसेल वाटलं तर ते वाक्य काढ, गोदामाची आठवण तेवढी राहू दे.

मला बढती मिळाली होती तेव्हाचे गुच्छ आज आठवतही नाहीत. एक वयस्कर सहकारी जिन्यात थांबून म्हणाले होते, “नवीन मुलं चूक झाली तर तुमच्याकडे न घाबरता येतात, हे मी बघत होतो.” ते वाक्य अजून लक्षात आहे.

दोन दिवस गेलेत त्याचं स्पष्टीकरण देऊ नकोस. “गडबडीत राहून गेलं” हे कुणालाच पटत नाही. निरोप ग्रुपवर न टाकता तिला एकटीला पाठव. त्याहून बरं म्हणजे कँटीनमध्ये चहाला बसलात की तोंडानेच सांग. बोलताना आवाज थोडा अडखळला तर अडखळू दे.

तुझ्या स्वतःच्या बढतीचा विषय या निरोपात नको. त्यासाठी पंधरा दिवसांनी साहेबांकडे वेळ माग आणि पुढच्या वेळेसाठी माझ्यात काय कमी पडलं, असं सरळ विचार. मैत्रिणीनेच “तुला वाईट वाटलं का?” असं विचारलं तर नाही म्हणू नकोस. “वाटलं थोडं, पण ते माझ्यासाठी. तुझ्याबद्दल नाही,” असं सांग. तिचंही मन हलकं होईल, कारण तिलाही तुझ्यासमोर पेढ्याचा बॉक्स उघडताना अवघड झालंच असेल.

आणि सोमवारपासून सगळे तिला मॅडम म्हणायला लागतील. चारचौघांत तूही म्हण, सरळ आवाजात. रिक्षात दोघीच असाल तेव्हा मात्र चेष्टेनेही म्हणू नकोस, निदान पहिले काही महिने. तिथे तिला नावानेच हाक मार.