४७ क्लिकवर थंबनेलचा निकाल लावायचा का?

प्रश्न: निपाणीजवळून ऊसशेतीचं छोटं चॅनेल चालवतो. खोडव्यातल्या पाचटावरच्या व्हिडिओला पहिले तीन दिवस माझा चेहरा असलेलं थंबनेल होतं, पुढचे तीन दिवस पेटत्या पाचटाचं. पहिल्याला ४१२ इंप्रेशनवर १९ क्लिक, दुसऱ्याला ३९८ वर २८. म्हणजे सीटीआर ४.६ वरून ७ टक्के. आता सगळ्या व्हिडिओंना आगीचंच थंबनेल लावू का?

एवढ्यावर लावू नका. टक्के बघितले की दीडपट वाटतं, पण तुमच्या हातात खरे आकडे दोनच आहेत, १९ आणि २८. हिशोब त्यांच्यावर करायचा.

दोन्ही थंबनेलना जवळपास सारखी इंप्रेशन मिळाली असतील, तर कागदावर करता येईल अशी एक रीत आहे. दोघांचे क्लिक मिळवा: ४७. त्याचं वर्गमूळ काढा: साधारण ७. त्याची दुप्पट करा: १४. क्लिकमधला फरक या १४ च्या वर गेला, तर त्याकडं गांभीर्यानं बघायचं. तुमचा फरक ९ आहे. दुसऱ्या शब्दांत सांगतो. एक नाणं ४७ वेळा उडवलं, तर छाप आणि काट्यात ९ किंवा त्याहून जास्त फरक साधारण चारातून एकदा पडतोच, आणि नाण्याला कुठलं थंबनेल नसतं. हेच आकडे दहापट, म्हणजे १९० आणि २८० असते, तर गोष्ट वेगळी होती. बेरीज ४७०, वर्गमूळ २२ च्या आसपास, दुप्पट ४४, आणि फरक मात्र ९०. टक्के तेच राहतात, पण तिथं मी डोळे झाकून आगीचं थंबनेल घेतलं असतं.

हे मला पटलं ते स्वतःच्या चॅनेलवर. खानापूर भागातून मी शेती अवजारांचे व्हिडिओ करतो. एका व्हिडिओचं थंबनेल महिनाभर अजिबात बदललं नाही, आणि महिना संपल्यावर विषम तारखांचे क्लिक एकीकडं, सम तारखांचे दुसरीकडं असे मांडले. दोन्हीकडं साधारण सातशे इंप्रेशन होती. विषम तारखांना ३१ क्लिक, सम तारखांना ४४. चित्र एकच, तरी इतका फरक! हीच दोन वेगळी थंबनेलं असती, तर पहिलं मी त्याच दिवशी काढून टाकलं असतं. त्याआधी अशी किती चांगली थंबनेलं काढली असतील, याची हळहळ आजही वाटते. तुम्हीही एखादा जुना व्हिडिओ घेऊन हे करून बघा. आपल्या चॅनेलवर काहीच न बदलता आकडे किती हलतात ते एकदा दिसलं, की पुढचा प्रत्येक निकाल तुम्ही वेगळ्या नजरेनं वाचाल.

आता दुसरी अडचण, आणि माझ्या मते ती वर्गमूळापेक्षा मोठी आहे. तुम्ही दोन थंबनेलं वेगवेगळ्या दिवशी लावली. उसाच्या भाषेत सांगायचं तर एक वाण कालव्याकाठच्या तुकड्यात लावला आणि दुसरा माळावर. उतारा वेगळा आला, तो वाणामुळं की जमिनीमुळं? रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड शेती केंद्रात नेमका हाच गुंता सोडवला. एकाच रानाचे लहान वाफे पाडायचे आणि कुठल्या वाफ्यात काय लावायचं ते चिठ्ठी टाकून ठरवायचं. व्हिडिओचंही तसंच आहे. पहिल्या दिवसांत तो बहुतेक सबस्क्रायबरांच्या होमवर दिसतो. नंतर सर्चमधून लोक येऊ लागतात. 'खोडवा पाचट' असं स्वतः टाइप करून आलेला शेतकरी थंबनेल कसंही असलं तरी जास्त क्लिक करतो. म्हणून ॲनालिटिक्समध्ये त्या दोन्ही तीन-तीन दिवसांचे ट्रॅफिक सोर्स शेजारीशेजारी ठेवून बघा. दुसऱ्या तीन दिवसांत सर्चचा वाटा वाढलेला असेल, तर ७ टक्क्यांतला काही भाग आगीचा नसून सर्चचा आहे. आणि तुलना व्ह्यूवरून करू नका. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेल्या लिंकवरून आलेले व्ह्यू मोजले जातात, पण त्यांचं इंप्रेशन धरलं जात नाही.

त्यापेक्षा यूट्यूब स्टुडिओतलीच थंबनेल चाचणी वापरा. ती कंप्युटरवरून लावता येते. एका व्हिडिओला तीनपर्यंत थंबनेलं देता येतात आणि ती एकाच काळात वेगवेगळ्या प्रेक्षकांना दाखवली जातात, म्हणजे फिशर यांचे वाफेच. तिथं निकाल सीटीआरवर लागत नाही, बघितलेल्या वेळेच्या वाट्यावर लागतो. हे मला योग्यच वाटतं, कारण आग बघून आलेला माणूस दहा सेकंदांत निघून गेला तर त्या क्लिकचा काय उपयोग? पण लहान चॅनेलला इथंही जपावं लागतं. दोघा-तिघांनी वीस मिनिटांचा व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला, तरी तो वाटा ५३-४७ असा झुकतो. `Winner` असं लिहून आलं नसेल, तर नुसत्या पुढे दिसणाऱ्या टक्क्यांवरून कुणाला जिंकवू नका.

किती थांबायचं ते चाचणी लावतानाच ठरवा. आगीचं थंबनेल खरोखरच ४.६ चे ७ करत असेल, तर ते बऱ्यापैकी खात्रीनं दिसायला प्रत्येकी दीड हजार इंप्रेशन लागतील. तुम्हाला दिवसाला १३५ च्या आसपास मिळतात, म्हणजे तीन आठवडे. फरक ४ आणि ५ टक्क्यांइतकाच असेल, तर प्रत्येकी सात हजार, म्हणजे साडेतीन महिने. स्टुडिओची चाचणी जास्तीत जास्त दोन आठवडे चालते. त्यामुळं अक्षराचा रंग पिवळा की पांढरा असल्या बारीक चाचण्या तुमच्या चॅनेलवर सध्या करूच नका. एकदम वेगळी थंबनेलं समोरासमोर ठेवा. आणि रोज सकाळी बघून 'आज पुढं आहे, थांबवू' असं करू नका. वर्गमूळाची ती रीत शेवटी एकदाच बघण्यासाठी आहे. दहा वेळा बघून, सोयीच्या दिवशी थांबलात, तर काहीच फरक नसताना पाचातून एकदा खोटा विजेता हाती लागतो.

इंप्रेशन कमी आहेत यावर एक वाट आहे. एका व्हिडिओवर अडून न बसता हाच सामना, चेहरा की शेतातलं दृश्य, दहा व्हिडिओंवर लावा आणि प्रत्येक वेळी कोण पुढं राहिलं एवढंच वहीत टिपा. दहापैकी सात वेळा दृश्य पुढं आलं तरी भुलू नका. सात किंवा जास्त छाप नाण्यालाही सहातून एकदा पडतात. नऊ वेळा पुढं आलं, तर मात्र ती शंभरात एखाद्या वेळीच घडणारी गोष्ट आहे. तेव्हा सगळ्या व्हिडिओंचा विचार करा.

या व्हिडिओला तोवर मी चेहऱ्याचंच ठेवलं असतं. विषय पाचट न जाळता कुजवण्याचा असेल, तर आग बघून येणाऱ्याला आत वेगळंच सापडतं. दोन्ही तीन-तीन दिवसांचा सर्चचा वाटा आणि सरासरी बघितलेला वेळ इथं खाली टाका, मग सोबत बघू.