पिग्मीचे साठ हजार आणि मंगळवारची एक्स्पायरी

प्रश्न: खानापूरहून रोज बसनं उद्यमबागेत कामाला येतो. शेजारी बसणारा सहकारी सध्या एकच विषय काढतोय. गेल्या मंगळवारी म्हणाला, "निफ्टीच्या कॉलमध्ये सव्वीसशे घातले, जेवणाच्या सुट्टीपर्यंत आठ हजार झाले. घेणाऱ्याचं जाऊन जाऊन काय जातंय? तेवढं प्रीमियमच ना?" मी म्हटलं, "आणि दर आठवड्याला तेवढं गेलं तर?" तर म्हणे, "दहातले सात माझे बरोबर येतात रे. तुझी पिग्मी सुटतेय ना? साठ हजार माझ्या खात्यात टाक, नफा निम्मा-निम्मा." पिग्मी पुढच्या महिन्यात सुटते. जूनमध्ये मुलीची कॉलेजची फी आहे, पन्नास हजार. तोवर पैसे नुसते पडूनच राहणार, तर वापरले तर काय बिघडलं, असंही वाटतंय. काय करू?

उत्तर: देऊ नका. फीची तारीख ठरलेली आहे, एवढं एक कारण पुरे आहे. पण तुमचा मित्र खोटं बोलत नाही. सव्वीसशेचे आठ हजार खरंच होतात, आणि घेणाऱ्याचं प्रीमियमपेक्षा, म्हणजे कॉलसाठी मोजलेल्या रकमेपेक्षा, जास्त जात नाही हेही खरं. घोळ कुठे आहे ते एका सौद्यावरून दाखवतो. पटलं तर त्यालाही बसमध्ये सांगा.

समजा शुक्रवारी दुपारी निफ्टी 25,000 वर आहे. येत्या मंगळवारी संपणारा 25,200 चा कॉल 40 रुपयांना मिळतोय. कॉल हा ऑप्शनचा एक प्रकार, मुदत संपताना निफ्टी 25,200 च्या जितका वर असेल तितके रुपये तो देतो, खाली असेल तर काहीच नाही. कॉल सुटे मिळत नाहीत, लॉटनं घ्यावे लागतात, आणि जानेवारी 2026 पासून निफ्टीचा लॉट 65 चा आहे, म्हणजे एका लॉटला 2,600 रुपये. या 40 रुपयांत आज हाती येण्यासारखं काहीच नाही, कारण निफ्टी अजून 200 अंक खाली आहे. हे 40 म्हणजे फक्त "मंगळवारपर्यंत वर जाईल" या शक्यतेची किंमत, आणि ती शक्यता दिवसागणिक आटत जाते. शनिवार-रविवार बाजार बंद असला तरी मुदतीतले दिवस कमी होतातच.

सोमवारी निफ्टी 60 अंक वर बंद झाला असं धरू. मित्राचा अंदाज बरोबर, बाजार वरच गेला. तरी त्याच कॉलचा भाव आता 15 च्या आसपास दिसेल. 140 अंक अजून बाकी आणि हातात एकच दिवस, म्हणून. मंगळवारी निफ्टी आणखी 90 अंक चढून 25,150 वर बंद झाला, तर कॉलची किंमत शून्य. तीन दिवसांत बाजार 150 अंक वर गेला, दिशा अचूक ओळखली, आणि 2,600 पूर्ण गेले. मुदतीपर्यंत धरून ठेवलं तर नुसते पैसे वसूल व्हायलाच निफ्टीला 25,240 गाठावं लागतं. साप्ताहिक ऑप्शनमध्ये दिशा, अंतर आणि वेळ या तिन्ही गोष्टी एकदम जुळाव्या लागतात. शेअर घेतला असता तर वाट पाहता आली असती. इथे मंगळवारी साडेतीनला हिशोब बंद होतो.

आता "दहातले सात" कडे येऊ. हा आकडा खरा मानला तरी त्यातून नफा झाला की तोटा हे कळत नाही. बहुतेकांचं काय होतं बघा. 40 ला एक लॉट घेतला, भाव 20 वर आला, म्हणून ॲव्हरेज करायला, म्हणजे खरेदीचा सरासरी भाव खाली आणायला, आणखी दोन घेतले. भाव 7 वर आला, आणखी चार घेतले. आता सात लॉट झाले आणि गुंतले 7,020 रुपये. मंगळवारी संध्याकाळी ते शून्य. जिंकताना मात्र दोन-अडीच हजार दिसले की माणूस लगेच विकून मोकळा होतो. सात वेळा अडीच हजार मिळाले तर साडेसतरा हजार, आणि तीन वेळा सात हजार गेले तर एकवीस हजार. दहातले सात बरोबर येऊनही साडेतीन हजार खिशातूनच गेले. "तेवढं प्रीमियमच जातं" हे एका सौद्यापुरतं खरं असतं, आठवड्यापुरतं राहत नाही.

शिवाय खर्च. बऱ्याच ब्रोकरांकडे प्रत्येक ऑर्डरला 20 रुपये लागतात. घेणं-विकणं मिळून 40, त्यावर 18 टक्के जीएसटी, शिवाय विकताना एसटीटी हा सौद्यावरचा कर आणि एक्स्चेंजचे शुल्क. एका लॉटच्या फेरीला 50 रुपयांच्या वर जातात. आठवड्याला दोन फेऱ्या धरल्या तर वर्षाला पाच हजारांहून जास्त. साठ हजारांवर हे आठ टक्क्यांपेक्षा अधिक झालं, आणि जिंका की हरा, ते जाणारच.

म्हणून मित्राला एकच गोष्ट मागा. ब्रोकरच्या ॲपमध्ये नफा-तोट्याचा अहवाल असतो, तो 1 एप्रिलपासून आजपर्यंतचा काढायला सांगा. त्यात शुल्क वजा केल्यावरचा निव्वळ आकडा आणि सगळ्यात मोठा एका दिवसाचा तोटा, एवढंच बघा. जिंकलेल्या सौद्याचा स्क्रीनशॉट बघू नका. सेबीच्या जुलै 2025 च्या अभ्यासात, 2024-25 या वर्षात इक्विटी डेरिव्हेटिव्हमध्ये, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये, व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी सुमारे 91 टक्के निव्वळ तोट्यात होते. तुमचा मित्र उरलेल्या नऊ टक्क्यांत असेलही, पण ते त्या अहवालावरून कळेल, बसमधल्या गप्पांवरून नाही.

अहवाल चांगला निघाला तरी पैसे त्याच्या खात्यात टाकू नका, हे मी आग्रहानं सांगतो. सौदे त्याच्या नावावर, नफ्यावरचा कर त्याच्या नावावर, आणि तोटा झाला तर तुमच्या हातात कागदाचा एक कपटाही नाही. निम्मा नफा ठरलाय, पण निम्मा तोटा कोणी ठरवलाय का? रोज एकाच सीटवर बसून येणाऱ्या माणसाकडे पन्नास हजार मागायची वेळ येऊ नये.

स्वतःच्या खात्यात करायचं म्हटलं तरी एक अडचण बहुतेक पगारदारांना उशिरा कळते. ऑप्शनचा नफा-तोटा धंद्याच्या उत्पन्नात धरतात, म्हणून साधा आयटीआर-1 चालत नाही, आयटीआर-3 भरावा लागतो. तोटा पगारातून वजा होत नाही. मुदतीत विवरणपत्र भरलं तरच तो पुढची आठ वर्षं धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो.

कुणी "मग घेण्याऐवजी विकू, वेळ आपल्या बाजूनं" असं सुचवलं तर तेही तुमच्यासाठी नाही. विकणाऱ्याला ब्रोकरकडे हमी म्हणून ठेवावी लागणारी रक्कम, म्हणजे मार्जिन, साठ हजारांच्या बरंच वर लागतं. आणि 4 जून 2024 ला, लोकसभा निकालाच्या दिवशी, निफ्टी एका दिवसात जवळपास सहा टक्के पडला, तसं झालं तर विकणाऱ्याचा तोटा प्रीमियमवर थांबत नाही.

साठ हजारांचं काय करायचं ते आता सांगतो. पिग्मी पतसंस्थेत असेल तर सुटल्यावर तिथेच पुन्हा ठेवू नका. पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकांना आहे, सहकारी बँकाही त्यात येतात, पण पतसंस्था येत नाहीत. पन्नास हजार बँकेत मुदत ठेवीत ठेवा, मुदत फीच्या तारखेच्या आठ-दहा दिवस आधी संपेल अशी निवडा. सहा टक्के व्याज धरलं तर तीन महिन्यांत साडेसातशेच्या आसपास मिळतील. उरलेले दहा हजार बचत खात्यात अडीअडचणीला असू द्यात.

आणि कुतूहल असेल तर एक वही घ्या. दर शुक्रवारी तीन वाजता निफ्टी किती आणि त्याहून 200 अंक वरच्या कॉलचा भाव किती, ते एनएसईच्या ऑप्शन चेनवरून, म्हणजे ऑप्शनच्या भावांच्या तक्त्यावरून, लिहा. मंगळवारी साडेतीनला दोन्ही आकडे पुन्हा लिहा. मंगळवारी सुट्टी असेल तर एक्स्पायरी आदल्या कामाच्या दिवशी येते. पैसे न लावता बारा आठवडे हे करा आणि मित्रालाही त्याच वहीत त्याचा अंदाज शुक्रवारीच लिहायला सांगा. मंगळवार झाल्यावर सांगितलेला अंदाज वहीत घेऊ नका.